ग्रोथ की लाभांश? स्टेटमेंट काय सांगते

सातपूरच्या कारखान्यातला ३० टक्के करगटातला एक अधिकारी धरू. त्याने एकाच इक्विटी फंडाच्या दोन्ही पर्यायांत ५ लाख टाकले. वर्ष उलटल्यावर मूल्य १२ टक्क्यांनी वाढले आणि त्याला ४०,००० रुपये हवे आहेत.

लाभांश पर्यायात (२०२१पासून स्टेटमेंटवर ‘आयडीसीडब्ल्यू’) ही सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. सेससह कर १२,४८० रुपये. बँकेत मात्र ३६,००० जमा दिसतात, कारण ४,००० टीडीएस आधीच कापलेला असतो. उरलेले ८,४८० रिटर्नच्या वेळी भरावे लागतात. इथेच हिशेब चुकतो, म्हणून बँकेचा आकडा नको, फॉर्म २६एएसमधली पूर्ण रक्कम घ्या.

ग्रोथमध्ये ४०,००० रुपयांची युनिट्स विकली, तर त्यातला नफा फक्त ४,२८६. बाकी स्वतःचेच मुद्दल. वर्षातला दीर्घकालीन इक्विटी नफा सव्वा लाखाच्या आत असेल, तर कर शून्य.

लाभांशानंतर एनएव्हीही तेवढीच उतरते, त्यामुळे तो वरकमाई नव्हे. मात्र ज्यांचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखालीच आहे, अशा निवृत्तांना हा फरक जवळपास जाणवत नाही.