फोन वायफाय ६ चा, मग नेट तेवढंच का?

फोनच्या खोक्यावरच्या मजकुरात बहुतेक वेळा ‘वायफाय ६’ किंवा हल्ली ‘वायफाय ७’ असं लिहिलेलं असतं. दुकानदार ही ओळ आवर्जून दाखवतो. फोन घरी येतो, नेट सुरू होतं आणि स्पीड जुन्या फोनइतकाच राहतो. मग फोनवर शंका येते, नाहीतर केबलवाल्याला फोन जातो. खरं कारण बहुतेक घरांमध्ये टीव्हीमागच्या त्या डबीत, म्हणजे राउटरमध्ये असतं.

आधी नावांचं बघू. २००९ साली आलेलं ८०२.११एन म्हणजे आजचं वायफाय ४. त्यानंतरचं ८०२.११एसी म्हणजे वायफाय ५ आणि ८०२.११एएक्स म्हणजे वायफाय ६. नवा फोन जुन्या राउटरशी विनातक्रार जोडला जातो, पण दोघांना येते तीच भाषा दोघं बोलतात. राउटर वायफाय ४ चा असेल तर तुमचा वायफाय ६ चा फोन त्या घरात वायफाय ४ चाच फोन असतो. खोक्यावरचा आकडा फोनची क्षमता सांगतो, जोडणीचा वेग सांगत नाही.

जोडणीचा वेग पाहणं मात्र सोपं आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये वायफायवर जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा. बहुतेक फोनवर तिथे Link speed आणि Frequency या दोन ओळी दिसतात. फोन आणि राउटर यांच्यात या क्षणी किती वेग ठरला आहे आणि तो कोणत्या पट्ट्यावर, हे त्या दोन ओळी सांगतात. हा आकडा इंटरनेटचा नाही, फक्त त्या खोलीतल्या हवेतला आहे.

आता एक नेहमीचं घर घेऊ. दोन बेडरूमचा फ्लॅट, ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, आणि कनेक्शन घेताना मिळालेला राउटर, ज्याच्या मागच्या लेबलवर N300 लिहिलंय. घरात वायफाय ६ चा नवा फोन आला. राउटरपासून चार पावलांवर उभं राहून पाहिलं तर Frequency समोर 2.4 GHz आणि Link speed समोर 144 Mbps.

हा १४४ अचानक कुठून आला नाही. एन३०० मधले ३०० मिळायला ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बहुतेक फोन २० मेगाहर्ट्झच वापरतात. त्या रुंदीत, दोन अँटेनांवर, वायफाय ४ ची कमाल १४४ आहे. त्यातही फोन आणि राउटर आळीपाळीनेच बोलू शकतात, शिवाय प्रत्येक निरोपाला पोच द्यावी लागते, म्हणून हातात साधारण निम्मा ते दोनतृतीयांश वेग येतो. सोसायटीत तर आणखी कमी, कारण २.४ च्या पट्ट्यावर एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे राउटर त्या तीनमध्येच दाटीवाटीने बसलेले असतात. या घरात स्पीड टेस्ट ६०-७० दाखवते. ३०० च्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात आणि फोन कितीही महाग घेतला तरी हा आकडा हलत नाही.

मग घरातलं कुणीतरी बाजारातून स्वस्तातला AC1200 राउटर आणतं. हा वायफाय ५ चा, दोन पट्ट्यांचा. आता Frequency समोर 5 GHz आणि Link speed समोर 866 Mbps. सगळ्यांना वाटतं, प्रश्न मिटला. स्पीड टेस्ट लावली तर ९४. पुन्हा लावली, ९३. रात्री लावली, ९४.

हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तो निदान आहे. हवेची अडचण असती तर वेग सतत वर-खाली झाला असता. ९४ च्या आसपास खिळून राहिलेला वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा तारेचा टप्पा आहे. वायफाय ८६६ ने बोलतंय, पण फायबरच्या मोडेमकडून राउटरला जी लॅन केबल येते, ती ज्या पोर्टमध्ये खोचलीय तो पोर्टच १०० चा आहे. स्वस्त एसी१२०० राउटरमध्ये असे पोर्ट सर्रास असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० असतं आणि बारीक अक्षरात 10/100. ते १२०० म्हणजे तरी काय, तर दोन्ही पट्ट्यांची बेरीज, ३०० अधिक ८६७. सर्वसाधारण फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच हाती लागत नाही. माझ्या मते हा आकडा खोक्यावर छापणंच ग्राहकाची दिशाभूल करणारं आहे.

पोर्टवर 10/100/1000 किंवा ‘गिगाबिट’ लिहिलेलं असूनही वेग ९४ वरच अडकला, तर केबल बघा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. घाईत काम करणारा माणूस कधीकधी नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पिनेत बसवतो आणि निळी-तपकिरी कापून टाकतो. पिनेचं प्लास्टिक पारदर्शक असतं, उजेडात धरलं की आठ तारा आहेत की चार ते मोजता येतं. एखादी तार आत तुटलेली असली तरी परिणाम तोच.

आपल्या घरात शेवटी गिगाबिट पोर्टचा वायफाय ६ राउटर आला. त्याच जागी Link speed समोर 1201 Mbps आणि स्पीड टेस्ट ३०० च्या जवळपास. आता वेग प्लॅनमुळे थांबलाय, म्हणजे घरातली सगळी साखळी मोकळी झाली. आणि इथेच एक गोष्ट लक्षात येईल: या घराला ८६६ सुद्धा पुरेसे होते, अडत होता तो पोर्ट. गिगाबिट पोर्टचा वायफाय ५ राउटर घेतला असता तरी एका फोनला तेवढाच वेग मिळाला असता. वायफाय ६ चा खरा उपयोग घरात एकाच वेळी बरीच उपकरणं बोलत असतात तेव्हा जास्त दिसतो, कारण एका चॅनेलचे भाग पाडून एकाच वेळी अनेकांना देण्याची सोय त्यात आहे.

भिंतींचं गणित याहून वेगळं. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत २.४ पेक्षा लवकर दमतं. दोन भिंतींपलीकडच्या बेडरूममध्ये फोन गुपचूप २.४ वर उतरतो आणि हॉलमध्ये परत आल्यावरही काही वेळ तिथेच राहतो. राउटरमध्ये दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, तर आपण कुठे आहोत हे निदान कळतं. वायफाय ७ चे डोळे दिपवणारे आकडेही असेच वाचावेत. ते ३२० मेगाहर्ट्झ रुंदीवर काढलेले असतात आणि एवढी रुंदी फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळते. तो पट्टा तुमच्या राउटरमध्ये नसेल तर खोक्यावरच्या त्या आकड्याशी तुमचा संबंध नाही.

तेव्हा वायफायसाठी फोन बदलायचा विचार असेल तर आधी सध्याच्या फोनवर या दोन ओळी पाहा आणि राउटरच्या मागचं लेबल वाचा. फायबरवाल्याकडूनच राउटर घेणार असाल तर ‘ड्युअल बँड आणि गिगाबिट पोर्ट’ एवढे पाचच शब्द ठामपणे सांगा. आणि तुमचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल, राउटर दोन पट्ट्यांचा असेल आणि जिथे बसता तिथे 5 GHz दिसत असेल, तर काहीही विकत घेऊ नका.