थांबलेला बाजार आणि न थांबणारा भाव

१३ मार्च २०२० रोजी सकाळी सव्वानऊला शेअरबाजार उघडला आणि अवघ्या पाच-सहा मिनिटांत बंद पडला. कोरोनाच्या साथीने जगभर उडालेल्या भीतीच्या लाटेत निफ्टी निर्देशांक आदल्या दिवसाच्या पातळीपासून दहा टक्के कोसळला होता. नियमानुसार देशभरातील सर्व शेअर्सचे व त्यांच्यावरील वायद्यांचे व्यवहार पाऊण तास थांबले. त्यानंतर बाजार पुन्हा सुरू झाला, काही क्षण आणखी घसरला आणि मग उलटला. सकाळी २९,३८८ पर्यंत उतरलेला सेन्सेक्स दिवसअखेर १,३२५ अंशांच्या वाढीसह ३४,१०३ वर बंद झाला. बाजाराला वेळीच लगाम घातला म्हणून अनर्थ टळला, असा निष्कर्ष काढणे त्या दिवशी सोपे होते.

दहाच दिवसांनी, २३ मार्चला, तोच नियम, तोच पाऊण तास, पण परिणाम अगदी विरुद्ध. सकाळी दहाच्या सुमारास घसरण दहा टक्क्यांवर गेली व व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर भाव आणखी खाली गेले आणि सेन्सेक्स ३,९३५ अंश, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक गमावून बंद झाला. लगाम तोच असताना एके दिवशी घोडा वळला आणि दुसऱ्या दिवशी दरीकडेच धावला. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

हा लगाम नेमका कशासाठी आहे? अनेक व्यापारी स्वतःच्या थोड्या भांडवलावर मोठे सौदे करतात. त्यासाठी दलालाकडे ठेवलेली रक्कम, म्हणजे मार्जिन, भाव एकदम कोसळला की अपुरी पडते. दलाल आणखी पैसे मागतो. ते वेळेवर आले नाहीत, तर तो त्या व्यापाऱ्याचे शेअर येईल त्या भावाला विकून टाकतो. या विक्रीने भाव आणखी पडतो आणि तोवर सुरक्षित असलेल्या पुढच्या व्यापाऱ्याचे मार्जिनही अपुरे पडते. अशा वेळी शेअरची योग्य किंमत काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो. विक्रीच विक्रीला जन्म देऊ लागते. ही साखळी तोडून पैसे जमा करण्यास, बातमी तपासण्यास आणि खरेदीदारांना पुढे येण्यास अवधी द्यावा, एवढाच विरामाचा हेतू आहे.

तो अवधी घसरणीच्या वेळेवरही अवलंबून असतो. २००१ पासून लागू असलेल्या या व्यवस्थेचे दहा, पंधरा व वीस टक्के असे तीन टप्पे आहेत आणि ते वाढीलाही तितकेच लागू पडतात. आजच्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांचा टप्पा दुपारी एकच्या आत गाठला, तर पाऊण तास विराम मिळतो. एक ते अडीचच्या दरम्यान गाठला, तर पाव तास. आणि अडीचनंतर दहा टक्क्यांसाठी बाजार थांबतच नाही. वीस टक्क्यांना मात्र त्या दिवसाचे व्यवहार संपतात. विरामानंतर बाजार पूर्वीच्याच भावाने उघडत नाही. आधी पाव तास मागण्या गोळा केल्या जातात आणि ज्या एका भावाला सर्वाधिक शेअर्सची देवघेव होऊ शकेल, त्या भावाने सुरुवात होते.

विरामाचे फळ म्हणूनच त्या अवधीत काय घडते यावर ठरते. १३ मार्चच्या सकाळी परदेशी वायदेबाजार सावरत होते आणि खरेदीदारांना धीर आला. २३ मार्चला आदल्या दिवशीचा जनता कर्फ्यू आणि अनेक राज्यांतील टाळेबंदी समोर होती. पाऊण तास विचार करूनही विक्रेत्यांचे मत बदलण्यासारखे काही नव्हते. भीती निराधार असेल तर विराम तिला ओसरू देतो. ती साधार असेल तर तो तिला फक्त थोडा वेळ थोपवतो.

चुकीच्या ठिकाणी बसवलेला लगाम तर भीती वाढवतो. चीनने जानेवारी २०१६ मध्ये पाच टक्क्यांना पाव तासाचा विराम आणि सात टक्क्यांना दिवसभर बंद, असा नियम लागू केला. दोन टप्प्यांतील अंतर इतके थोडे होते, की पहिल्या विरामानंतर दार कायमचे बंद होण्याआधी बाहेर पडण्यासाठी विक्रेत्यांची एकच झुंबड उडाली. ७ जानेवारीला अर्ध्या तासाच्या आत दिवसाचा बाजार आटोपला आणि नियम लगेच स्थगित करावा लागला.

एकेका शेअरवरील भावमर्यादेत हीच गोष्ट छोट्या गुंतवणूकदाराच्या अधिक निकट येते. समजा, पाच टक्के मर्यादा असलेला एक शेअर २०० रुपयांवर बंद झाला आणि रात्री कंपनीविषयी वाईट बातमी आली. दुसऱ्या दिवशी तो १९० रुपयांच्या खाली जाऊ शकत नाही. पण १९० ला खरेदीदारच नसेल, तर तो भाव नाममात्र ठरतो. तिसऱ्या दिवशी किमान भाव १८०.५०, चौथ्या दिवशी सुमारे १७१. तीन दिवसांत चौदा टक्के मूल्य गेले आणि धारकाला एकही शेअर विकता आला नाही. मर्यादेने तोटा कमी केला नाही. तो फक्त तीन दिवसांवर पसरवला.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पडद्यावर विक्रीच्या बाजूला लाखो शेअर्सची रांग दिसते आणि खरेदीची बाजू कोरी असते. अशा वेळी ‘स्टॉप-लॉस’ही तारत नाही. १९२ ला जागी होणारी विक्रीची मागणी जागी होते खरी, पण १९० च्या रांगेत आधी आलेल्या सर्वांच्या मागे जाऊन उभी राहते. मर्यादेबाहेरच्या भावाची मागणी तर यंत्रणा स्वीकारतच नाही. याच्या उलट, सकाळी उसना सौदा विकून संध्याकाळपर्यंत परत घेऊ म्हणणाऱ्याचा शेअर वरच्या मर्यादेला अडकला, तर विकणाराच मिळत नाही. शेअर देणे चुकते आणि लिलावात पडेल तो भाव व दंड त्याच्या माथी येतो.

ज्या शेअर्सवर वायदे चालतात, त्यांना अशी पक्की मर्यादा नसते. तेथे दहा टक्क्यांचा पट्टा असतो, पण कडेला सौदे होऊ लागले की तो सैल केला जातो. ६ मार्च २०२० रोजी, आदल्या संध्याकाळी निर्बंध जाहीर झालेल्या येस बँकेचा शेअर एका दिवसात ५६ टक्के पडून बंद झाला. दहा टक्क्यांना भिंत समजणाऱ्यांना तेथे भिंत नव्हतीच.

बाजार थांबला तरी दलालाकडील देणे थांबत नाही. भावमर्यादा तोट्यावरची मर्यादा समजून उसन्या पैशाने सौदा करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की दार बंद झाल्यावर तो सुरक्षित नसतो. फक्त आत असतो.