चुन्याच्या मसाल्यातील पारंपरिक मिश्रके

चुन्याच्या मसाल्यातील पारंपरिक मिश्रके म्हणजे बांधकामासाठी मळलेल्या चुन्यात वाळूखेरीज मिसळले जाणारे सुरखी, गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांसारखे पदार्थ होत. त्यांचे दोन गट पडतात. सुरखी हे खनिज मिश्रक असून ते चुन्याशी रासायनिक संयोग पावते आणि मसाल्याला कठीणपणा देते. गूळ व वनस्पतींचे अर्क ही सेंद्रिय मिश्रके आहेत. त्यांचा परिणाम मुख्यतः मसाल्यातील पाण्यावर आणि मसाला घट्ट होण्याच्या गतीवर होतो. जुन्या वाड्यांच्या व किल्ल्यांच्या भिंती गुळाच्या चिकटपणामुळे टिकल्या, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात गूळ हा तेथे गोंदासारखे काम करीत नाही.

## चुना कसा घट्ट होतो

चुनखडी किंवा शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले असता कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातले की तो फुलतो, तापतो आणि त्याचा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. हा चुना वाळूसह घाणीत दगडी चाकाखाली मळून मसाला करीत. भिंतीत बसल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो.

ही क्रिया बाहेरून आत सरकते आणि अतिशय संथ असते. जाड भिंतीच्या गाभ्यातील चुना अनेक वर्षे कच्चा राहू शकतो. सतत ओल्या जागी हवा आत शिरत नसल्याने शुद्ध चुन्याचा मसाला तेथे घट्टच होत नाही. याशिवाय मसाला लवकर सुकला, तर पाण्याअभावी ही क्रिया मध्येच थांबते. मिश्रकांचा उपयोग या अडचणींच्या संदर्भात समजून घ्यावा लागतो.

## सुरखी

भाजलेल्या विटांच्या किंवा कौलांच्या बारीक भुकटीला सुरखी म्हणतात. माती सुमारे ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील सिलिका व अॅल्युमिना ही द्रव्ये क्रियाशील होतात. पाण्याच्या सान्निध्यात ती चुन्याशी संयोग पावून सिमेंटमधील संयुगांसारखी कठीण, पाण्यात न विरघळणारी संयुगे बनवतात. या क्रियेला हवेची गरज नसते. त्यामुळे हौद, विहिरी, पाया आणि गच्ची यांच्या मसाल्यात सुरखी आवश्यक ठरते.

सुरखीसाठी मध्यम भाजलेली वीट लागते. अतिभाजलेली, काळपट व काचेसारखी झालेली वीट दळली तरी तिची भुकटी वाळूप्रमाणे निष्क्रिय राहते. कच्च्या विटेची भुकटी ही केवळ माती असते व ती मसाला दुर्बल करते. सुरखीची परीक्षा सोपी आहे. चुना व सुरखी यांचा गोळा करून तो काही दिवस ओलसर ठेवावा व घट्ट झाल्यावर पाण्यात बुडवावा. चांगल्या सुरखीचा गोळा पाण्यात अधिकाधिक कठीण होत जातो, तर निकृष्ट सुरखीचा गोळा विरघळून पसरतो.

सुरखीचे प्रमाण चुन्याच्या जातीवरही ठरते. कोकणातील शिंपल्यांचा चुना बराच शुद्ध असल्यामुळे ओल्या जागी त्याला सुरखीची जोड लागते. कंकरापासून केलेल्या चुन्यात मुळातच मातीचा अंश असतो. भाजताना तो क्रियाशील होत असल्याने तेथे सुरखी कमी पुरते.

## गूळ

साध्या पाण्यात चुना फार थोडा विरघळतो. पाण्यात साखर असली की ती चुन्याशी संयुग बनवते आणि चुना कितीतरी अधिक विरघळतो. गुळातील साखर हेच कार्य करते. त्यामुळे मसाला मऊ होतो, कमी पाण्यात मळता येतो आणि विरघळलेला चुना वाळूच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत पोचतो. कमी पाणी वापरल्याने सुकताना पडणारे तडेही कमी होतात.

साखर मसाल्याचे घट्ट होणे लांबवते. योग्य प्रमाणात हा गुण उपयोगी असतो, कारण कारागिराला काम करण्यास वेळ मिळतो. गूळ अधिक झाल्यास मात्र मसाला कित्येक आठवडे नखाने कोरता येईल इतका मऊ राहतो, त्यावर तपकिरी डाग उमटतात, बुरशी येते आणि मुंग्या लागतात.

## वनस्पतींचे अर्क

सह्याद्रीच्या जंगलांत मिळणारा हिरडा कुटून, बहुधा गुळासह, पाण्यात काही दिवस आंबवत ठेवतात व ते पाणी गाळून मसाल्यात घालतात. हिरड्यातील टॅनिन चुन्याशी संयोग पावून पाण्यात सहज न विरघळणारे क्षार बनवते. त्यामुळे गिलाव्याचे पाणी शोषणे काहीसे कमी होते, परंतु त्याचा रंगही काळपट होतो.

बेलफळाच्या गरातील बुळबुळीत डिंक पाणी धरून ठेवतो. त्यामुळे कडक उन्हात मसाला एकाएकी सुकत नाही. भिजवून वाटलेल्या उडदात बुळबुळीतपणा आणि प्रथिने दोन्ही असतात. त्यामुळे मसाला लोण्यासारखा पसरतो व त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात.

## उदाहरण : गच्चीचा कोबा

ही मिश्रके एकत्र कशी काम करतात, हे चुन्याच्या कोब्यात स्पष्ट दिसते. कोब्यासाठी विटांचे सुमारे २५ मिलिमीटर आकाराचे तुकडे पाण्यात भिजवून चुना व सुरखीच्या मसाल्यात कालवतात. मसाल्यात एक भाग चुन्यास साधारण दोन भाग सुरखी असते. हे मिश्रण गच्चीवर उतार देऊन पसरतात आणि लाकडी चोपण्यांनी अनेक दिवस चोपतात. चोपताना त्यावर गूळ व बेलफळ उकळून केलेले पाणी शिंपडतात. सार्वजनिक बांधकामाच्या प्रचलित विनिर्देशांनुसार हे प्रमाण सुमारे ६० लिटर पाण्यास पावणेदोन किलो गूळ व एक किलो बेलफळ असे आहे. म्हणजे गुळाचे प्रमाण पाण्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास राहते.

चोपणी चालू असेपर्यंत थर कडक होऊन चालत नाही. गूळ तो मऊ ठेवतो आणि बेलफळ त्यातील ओल टिकवते. चोपण्यामुळे चुन्याची साय वर येऊन पृष्ठभागाची छिद्रे बुजवते. चोपणे मारल्यावर ठसा न उमटता ते उसळून परत आले, की थर घट्ट बसला असे समजतात. त्यानंतर पृष्ठभाग आठवड्याहून अधिक काळ ओला ठेवतात. या काळात सुरखी व चुना यांचा संयोग होऊन थराला खरी बळकटी येते. ओल आधीच तुटली, तर गूळ कितीही घातला तरी कोबा भुसभुशीत राहतो व बोटाने घासल्यास त्याची भुकटी निघते.

## दुरुस्तीतील मर्यादा

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत मूळ मसाल्यातील सुरखीचे लालसर कण नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. सेंद्रिय पदार्थांचे मात्र कालांतराने विघटन होते. त्यामुळे ते कोणते होते व किती होते, हे प्रयोगशाळेतही नेमके सांगणे कठीण असते. चुना आतपर्यंत पक्का झाला आहे की नाही, हे ताज्या तुटलेल्या कडेवर फेनॉल्फ्थॅलीन टाकून पाहतात. गुलाबी झालेला भाग अजून कच्चा असतो. या कारणांमुळे दुरुस्तीपूर्वी निरनिराळ्या प्रमाणांचे छोटे नमुने करून ते घट्ट होण्याचा काळ, तडे आणि पाणी शोषण्याचे प्रमाण तपासणे आवश्यक ठरते. चुना कमी भाजलेला असल्यास, नीट विरलेला नसल्यास किंवा वाळूत माती असल्यास कोणतेही सेंद्रिय मिश्रक तो दोष भरून काढू शकत नाही.