वाळूवरची भिंत किती भार पेलते?

मालवण तालुक्यातलं देवबाग हे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव. कोकण किनाऱ्यावर अशा वाळूवर घरं बांधणं नवं नाही. नवी आहे ती माती तपासणीच्या अहवालातली एक ओळ. घरमालक इंजिनिअरला विचारतो, "एसबीसी किती आली?" उत्तर येतं, "चौरस मीटरला अमुक टन." तो आकडा कुठून येतो आणि कधी फसवतो, हे एका साध्या घराच्या हिशेबातून पाहू.

समजा, अशा वाळूवर जांभ्याच्या भिंतींचं दुमजली घर बांधायचं आहे. कॉलम नाहीत, भार भिंतींवरच. भिंतीखाली लांबलचक चर खणायचा, त्यात १ मीटर रुंदीचा सलग पाया घालायचा, पायाचा तळ जमिनीखाली १ मीटर. याला स्ट्रिप फुटिंग म्हणतात. भिंत, दोन स्लॅब आणि माणसा-सामानाचं वजन धरून बाहेरच्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर ढोबळमानाने ८ टन भार येतो असं धरू. पाया मीटरभर रुंद, म्हणजे वाळूवर चौरस मीटरला ८ टन दाब.

आता वाळू हरते कशी ते बघायला हवं. कोरड्या वाळूत पाय जोरात रोवला की पायाच्या कडेची वाळू वर उचलली जाते. पायाखालीही हेच होतं. तळाच्या लगेच खालची वाळूची पाचर भिंतीबरोबर खाली दबते, ती शेजारच्या वाळूला बाजूला ढकलते आणि ती वाळू वळसा घेऊन दोन्ही कडांना वर यायला बघते. हे घडू नये म्हणून झगडणाऱ्या गोष्टी तीन. पहिली कणाकणांमधली चिकटण, जी चिकणमातीत असते आणि स्वच्छ वाळूत जवळजवळ शून्य. दुसरी, पायाच्या तळाच्या वर दोन्ही बाजूंना असलेल्या मातीचं वजन, कारण वर येणाऱ्या वाळूला ते उचलावं लागतं. तिसरी, सरकणाऱ्या वाळूचं स्वतःचं वजन. कार्ल टर्झागी यांनी १९४३च्या ग्रंथात या तिन्हींची बेरीज मांडली. आपल्याकडचं भारतीय मानक आयएस ६४०३ त्याच घाटाचं आहे, फक्त त्यात पुढच्या संशोधकांचे गुणक घातले आहेत. वाळूसाठी चिकटणीचं पद गळालं की उरतं ते असं:

q_d = q (Nq − 1) sq dq + ½ γ B Nγ sγ dγ

इथे γ म्हणजे घनमीटरमागे वाळूचं वजन, B पायाची रुंदी, आणि q म्हणजे तळाच्या पातळीवर बाजूच्या मातीचा दाब. Nq आणि Nγ हे आकडे फक्त वाळूच्या घर्षणकोनावर ठरतात आणि मानकातल्या कोष्टकात तयार मिळतात. Nq मधून १ वजा करण्याचं कारण असं की खणण्याआधीही तळाच्या पातळीवर मातीचा तेवढा दाब होताच. म्हणून हे उत्तर 'निव्वळ' अंतिम धारणक्षमतेचं. एकूण क्षमता हवी असेल तर q पुन्हा मिळवायचं.

आपली वाळू मध्यम घट्ट आहे, घर्षणकोन ३० अंश, वजन घनमीटरला १.७ टन, आणि पाणी खूप खाली, असं आधी धरू. कोष्टकात Nq १८.४ आणि Nγ २२.४. बाजूच्या मातीचा दाब १.७ टन. पहिलं पद १.७ गुणिले १७.४, म्हणजे २९.६ टन. दुसरं पद अर्धा गुणिले १.७ गुणिले १ गुणिले २२.४, म्हणजे १९ टन. बेरीज ४८.६ टन. गुणक अजून लावलेले नाहीत.

आकाराचा गुणक, म्हणजे s, सलग पट्टीला दोन्ही पदांत १ असतो. ही सवलत नव्हे आणि सजाही नव्हे. मूळ सिद्धांतच अनंत लांबीच्या पट्टीसाठी मांडलेला आहे, जिथे वाळू फक्त डावी-उजवीकडे निसटू शकते. इतर आकारांना त्या मापाने वरखाली करायचं, एवढाच गुणकाचा अर्थ. चौकोनी पायासाठी मानक पहिल्या पदाला १.२ आणि दुसऱ्याला ०.८ देतं. आपल्याच मापांचा १ मीटर चौकोनी पाया घेतला तर ३५.५ अधिक १५.२, म्हणजे ५०.७ टन. पट्टीच्या ४८.६पेक्षा थोडाच जास्त, कारण एक पद वाढलं तेव्हा दुसरं कमी झालं. पण हाच चौकोन जमिनीच्या पृष्ठभागावर ठेवला, म्हणजे बाजूला माती नाहीच, तर फक्त ०.८ उरतो आणि पट्टीच सरस ठरते. "चौकोनी फुटिंग नेहमी जास्त पेलतं" असं जे साइटवर ऐकू येतं, ते वाळूत तरी सरसकट खरं नाही.

खोलीचा गुणक, d, जास्त जपून वापरायचा. मूळ सूत्र पायाच्या तळावरच्या मातीला नुसतं वजन समजतं. प्रत्यक्षात सरकणारी वाळू त्या मातीतून वाट काढते तेव्हा तिथेही घर्षण लागतं. त्याचं श्रेय म्हणजे हा गुणक. घर्षणकोन १० अंशांहून जास्त असेल तर मानक सांगतं: १ अधिक ०.१ गुणिले खोली-भागिले-रुंदी गुणिले tan(45 + φ/2). आपल्याकडे खोली आणि रुंदी सारखी, ३० अंशांना तो tan १.७३, म्हणून गुणक १.१७. ४८.६ टनांचे झाले ५७ टन.

पण मानकाने त्याला एक अट जोडली आहे: पायाच्या बाजूची भरणी नीट दाबून केलेली असेल तरच. आता आपल्याकडे चर कसा बुजवतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. निघालेली वाळू फावड्याने परत लोटायची, वर दोन बादल्या पाणी, झालं. अशा भरणीत घर्षण कुठलं? म्हणून बरेच अनुभवी इंजिनिअर हा गुणक १च धरतात. माझंही मत तेच. आठ टनांची ती कमाई कागदावर सोपी आहे, पण चरात उभं राहून थराथराने ठोकून घेणारा माणूस नसेल तर ती खरी नाही.

त्यापेक्षा खोलीचा खरा फायदा पहिल्या पदातच आहे. पाया दीड मीटर खोल नेला तर नुसत्या वजनाने ४८.६चे ६३ टन होतात, गुणक न लावता. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायची. भिंतीला लागून कोणी गटार किंवा सेप्टिक टँकचा खड्डा खणला आणि पायावर अर्धाच मीटर माती राहिली, तर क्षमता ३४ टनांवर येते. खोली मोजायची ती दोन्हींपैकी खालच्या बाजूच्या जमिनीपासून.

अंतिम क्षमतेला सुरक्षिततेसाठी ३ने भागायची रीत आहे. खोली गुणक न लावता १६.२ टन येतात, आपला दाब ८ टन. निम्मासुद्धा नाही, म्हणजे निर्धास्त. इथेच फसगत सुरू होते.

किनाऱ्यावर पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येतं. बुडालेल्या वाळूचं प्रभावी वजन घनमीटरला साधारण १ टन उरतं, कारण बाकीचं पाणी तोलून धरतं. सूत्रात दोन्ही पदांत वजनच आहे, त्यामुळे पहिलं पद १७.४ आणि दुसरं ११.२, बेरीज २८.६ टन. सुरक्षित आकडा ९.५. एप्रिलमध्ये बोअर घेऊन पाणी खोल आहे असं लिहिलेला अहवाल आणि जुलैमधली तीच जमीन यात एवढं अंतर. तरीही ८ टन बसतात, कसेबसे.

वाळू सैल असेल तर मात्र गणित मोडतं. घट्ट वाळू एका झटक्यात, ठरलेल्या वाटेने सरकते. सैल वाळू आधी खूप दबते आणि पाया खचतो तो पूर्ण घर्षण कामाला लागण्याआधीच. म्हणून अशा वाळूसाठी मानक घर्षणकोनाचा tan ०.६७ने गुणायला सांगतं. आधीचेच ३० अंश धरले तरी त्यांचे २१ होतात. तिथे Nq फक्त ७.२ आणि Nγ ६.३. पाणी वर असताना बेरीज ९.३ टन, सुरक्षित ३.१. त्यावर ८ टनांची भिंत उभी करायची तर पाया साधारण २ मीटर रुंद करावा लागतो. रुंदीमुळे दाब निम्मा होतो आणि वाळूत दुसरं पदही वाढतं. नाहीतर आधी वाळूच दाबून घट्ट करावी लागते.

सैल की घट्ट हे ठरवण्याचा रीतसर मार्ग म्हणजे एसपीटी चाचणी. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. १०हून कमी ठोके म्हणजे वाळू सैल. पण पाण्याखालच्या वाळूत एक खोड आहे. बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेलं की वाळू तळातून उसळून आत येते, ढिली होते आणि ठोके खोटेच कमी मिळतात. बोअर पाण्याने भरलेला ठेवला होता का, हा प्रश्न म्हणून विचारायलाच हवा. चराच्या तळाशी ढोबळ पडताळाही घेता येतो: १२ मिलिमीटरची सळई हाताने सहज आत जात असेल तर वाळू सैल आहे. खणताना चरातच पंप लावून पाणी उपसलं असेल तर मुळातली घट्ट वाळूसुद्धा तशी होऊ शकते, कारण वर येणारं पाणी कण सुटे करतं.

सगळ्यात मोठा घोळ घर्षणकोनाच्या निवडीत होतो. ३० ऐवजी ३५ अंश लिहिले की Nγ २२.४वरून ४८वर जातो, दुपटीहून जास्त. आकार आणि खोलीचे गुणक उत्तर दहा-वीस टक्क्यांनी हलवतात, पाच अंश ते दुप्पट करतात. शिवाय हे सगळं गणित पाया फुटण्याचं आहे, खचण्याचं नव्हे. पाया जसा रुंद होत जातो तशी वाळूत खचण्याची मर्यादा आधी गाठली जाते, आणि तिचा हिशेब वेगळा करावा लागतो.

तेव्हा अहवाल हातात आला की एसबीसीचा आकडा वाचून थांबू नका. घर्षणकोन किती धरला, पाणी कोणत्या पातळीला धरलं आणि खोली गुणक लावला का, हे विचारा. आणि तुमच्या विहिरीचं पाणी भर पावसात कुठपर्यंत येतं, ते आकड्यासकट लिहून इंजिनिअरला द्या. उन्हाळ्यात येऊन गेलेल्या बोअरवाल्यांना ते माहीत असायचं कारण नाही.