लोणच्या-मसाल्याच्या कॅटलॉगसाठी फोनवरचे फोटो

कॅटलॉगमधला फोटो एकटा कधीच पाहिला जात नाही. गिऱ्हाईक पडद्यावर बोट सरकवत जाते आणि चार-सहा वस्तू शेजारी शेजारी पाहते. त्यातली एक बरणी पिवळट, दुसरी निळसर, तिसरीच्या मागे ओट्याच्या फरश्या आणि शंभर ग्रॅमचे पाकीट अर्धा किलोच्या बरणीएवढे असेल, तर सुटा पाहिल्यावर बरा वाटणारा फोटोही त्या रांगेत विजोड दिसतो. आकाराचा घोळ तर थेट तक्रारीपर्यंत जातो: ‘फोटोत मोठी दिसत होती.’ म्हणून एक फोटो सुंदर काढण्यापेक्षा वीस फोटो सारखे काढण्याची तजवीज आधी करावी लागते.

उदाहरण म्हणून घरगुती लोणची-मसाले विकणारा एखादा बचत गट घेऊ. त्याच्याकडे अर्धा किलो लोणच्याची १५ सेंटिमीटर उंच काचेची बरणी आहे, पाव किलोची ११ सेंटिमीटरची आहे, कांदा-लसूण मसाल्याचे १२ सेंटिमीटरचे चकचकीत पाकीट आहे आणि उभे केल्यावर १८ सेंटिमीटर भरणारे पापडाचे पाकीट आहे. काच, चकाकी, लालभडक रंग आणि फिकट पापड अशा फोटोतल्या बहुतेक अडचणी या चार वस्तूंत आल्या.

सगळ्यात आधी उजेड. ज्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, ती यासाठी उत्तम. उत्तरेची खिडकी बहुतेक वर्षभर अशी असते. मात्र महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे ते जुलैच्या दरम्यान सूर्य काही काळ उत्तरेकडे झुकतो आणि तिथेही ऊन डोकावते. तेव्हा खिडकीवर पांढरा पातळ पडदा किंवा बटर पेपर लावला की उजेड पसरट आणि मऊ होतो. टेबल खिडकीला लागून न ठेवता हातभर आत ठेवावे, म्हणजे वस्तूची खिडकीकडची बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळीकुट्ट होत नाही. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला, तर तिकडेही उजेड परततो. खोलीतला दिवा मात्र बंदच ठेवावा. खिडकीचा उजेड निळसर आणि घरातला बल्ब अनेकदा पिवळा असतो. दोन्ही एकत्र आले की बरणीची एक कड निळी, दुसरी पिवळी होते, आणि नंतर कोणत्याही अ‍ॅपमध्ये ते नीट दुरुस्त होत नाही.

पार्श्वभूमीसाठी स्टेशनरीच्या दुकानातला मॅट कार्डशीट पुरतो. त्याची वरची कड भिंतीला चिकटवून खालचा भाग टेबलावर सोडायचा, पण घडी घालायची नाही. कागद पोटाशी गोलसर वळला पाहिजे. त्या वळणामुळे भिंत आणि टेबल यांच्यातली रेघ नाहीशी होते. रंग पांढरा घ्यावा की फिकट राखाडी, हा प्रश्न वस्तूंवर अवलंबून आहे. पांढऱ्यावर उडदाच्या पापडाची कड विरघळून जाते, शिवाय पांढरा रंग प्रत्येक फोटोत नेमका पांढरा ठेवणे अवघड असते. स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी फिकट राखाडी निवडणे शहाणपणाचे. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मात्र मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, तिथे निवडीला वाव नाही. जरीची साडी, केळीचे पान, झेंडूची फुले हे सगळे दिवाळीच्या जाहिरातीत शोभते. कॅटलॉगमध्ये ते प्रत्येक वस्तूमागे तसेच पुन्हा मांडणे कुणालाच जमत नाही.

आता फोन. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचे बोट हमखास असते, आणि त्यामुळे फोटोवर धुके चढते. आधी मऊ फडक्याने लेन्स पुसावी. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून स्थिर करावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या दाबाने तो हलत नाही. लेन्सची उंची बरणीच्या मध्याइतकी हवी. वरून खाली रोखलेला फोन बरणी तळाशी निमुळती दाखवतो. फार जवळ जाणेही तितकेच वाईट, कारण फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते आणि हातभर अंतराच्या आत आलेली वस्तू फुगल्यासारखी दिसते. त्यातून काही फोन वस्तू फार जवळ आली की आपोआप मॅक्रोसाठी दुसरीच लेन्स वापरू लागतात. चौकट अचानक उडी मारल्यासारखी हलली, तर हेच घडले असे समजावे आणि तो पर्याय बंद करावा. फोनमध्ये 2x चे बटण असेल तर ते दाबून ७०-७५ सेंटिमीटरवर फोन ठेवावा. ते नसेल तर 1x वरच हातभर अंतराच्या पुढे राहून फोटो काढावा आणि नंतर कापावा. बोटांनी चिमटीत धरून झूम वाढवू नये. दर वेळी ती वेगळ्या मापावर थांबते.

उजेड मोजण्याची कॅमेऱ्याची पद्धत समजली की पुढच्या बऱ्याच तक्रारी सुटतात. समोर काय आहे हे कॅमेऱ्याला पक्के ठाऊक नसते. तो दृश्याची सरासरी मध्यम करड्याकडे ओढू पाहतो. म्हणून पांढऱ्या कागदावरची बरणी मळकट येते आणि काळ्या कापडावरची जास्तच उजळते. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूगणिक कॅमेरा हा हिशेब नव्याने करतो: काळसर लोणच्याला एक उजेड, फिकट पापडाला दुसरा. पार्श्वभूमीचा रंग बदलत जातो तो इथे. उपाय सोपा आहे. पहिल्या वस्तूवर बोट दाबून धरायचे. आयफोनवर AE/AF LOCK ही अक्षरे उमटतात, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलपाची खूण येते. मग शेजारची सूर्याची खूण किंचित वर सरकवून कागद हवा तेवढा उजळ करायचा आणि कुलूप न उघडता बाकीच्या वस्तू त्याच जागी एकामागून एक ठेवत जायचे. ज्या फोनमध्ये प्रो मोड आहे, तिथे व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून ५००० ते ५५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करता येतो.

मसाल्याच्या लाल रंगाने मात्र चांगले चांगले फोन फसतात. फोनला खाद्यपदार्थ ओळखता आला की तो रंग भडक करतो, आणि मिरचीची पूड कणांशिवायच्या लाल धब्ब्यासारखी दिसते. फोटो मोठा करून पाहावा: पुडीचे कण, जाडसर भाग, बियांचे पिवळे ठिपके दिसत असतील तर ठीक, सपाट लालच दिसत असेल तर फूड मोड आणि दृश्य ओळखण्याचा पर्याय बंद करून उजेड थोडा कमी करावा. नाही तर गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला मसाला फोटोपेक्षा फिका ठरतो.

चकचकीत पाकीट आरशासारखे वागते. त्यात खिडकी दिसते, कधी फोटो काढणाऱ्याची बोटेही दिसतात. पाकीट थोडेसे तिरके करून ते प्रतिबिंब लेबलावरून बाजूला ढकलता येते. आतला मसाला थोपटून समतल केला आणि मागे लाकडी ठोकळ्याचा आधार दिला की सुरकुत्याही कमी होतात. काचेच्या बरणीला वेगळी युक्ती लागते. तेलातले लोणचे मागून उजेड आला तरच झळकते, म्हणून बरणीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, बरणीपेक्षा लहान पांढरा पुठ्ठा तिरपा लावतात. दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या की काचेच्या कडा ठसठशीत उमटतात.

राहिला आकार. इथे निर्णय एकच: सगळ्यात उंच वस्तूने चौकोनी फोटोची किती उंची व्यापायची. आपल्या गटात पापडाचे पाकीट सर्वांत उंच, १८ सेंटिमीटर. त्याने ८० टक्के उंची घेतली, तर सबंध चौकोन २२.५ सेंटिमीटरचा होतो. फोन हलला नसेल तर हाच चौकोन सगळ्या फोटोंतून त्याच जागी कापायचा. मग अर्धा किलोची बरणी दोन-तृतीयांश उंचीची येते, पाव किलोची जेमतेम निम्म्या उंचीची, आणि पाकीट तिच्याहून किंचित उंच. पाहणाऱ्याला काही न वाचता लहान-मोठे कळते. कागदावर पेन्सिलीने एक खूण करून प्रत्येक वस्तूची पुढची कड तिथेच आणली, तर सगळ्यांचा तळही एका रेषेत राहतो. ही पद्धत अगदी लहान डबीला चालत नाही. पाच सेंटिमीटरची डबी या चौकोनात हरवेल. अशा डब्यांचा वेगळा संच करून त्यांना वेगळे माप द्यावे. अ‍ॅमेझॉनचा नियम तर वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा असा आहे, म्हणजे तिथे पाव किलो आणि अर्धा किलो सारखेच दिसणार. त्यावर उतारा म्हणजे दोन्ही बरण्या शेजारी ठेवून काढलेला एक जादा फोटो.

कापलेला चौकोन १६०० बाय १६०० पिक्सेलचा ठेवावा. अ‍ॅमेझॉनवर फोटो मोठा करून पाहण्याची सोय हजार पिक्सेलपासून पुढे मिळते. हे फोटो दुसऱ्या फोनवर पाठवायचे असल्यास व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि लेबलावरची बारीक अक्षरे जातात.

खरी परीक्षा तीन महिन्यांनी होते, जेव्हा गट आवळ्याचे लोणचे सुरू करतो आणि जुन्या फोटोंशेजारी नवा ठेवायचा असतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी वहीत चार गोष्टी टिपाव्यात: फोनचे टेबलापासूनचे अंतर, लेन्सची उंची, 1x की 2x, आणि फोटो काढल्याची वेळ. टेबलाच्या आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा राहू द्याव्यात. आणि एक रिकामी, लेबल लावलेली बरणी कायमची बाजूला ठेवावी. नव्या बैठकीत सर्वांत आधी तिचाच फोटो काढायचा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहायचा. बरणीची उंची कमी-जास्त वाटली तर अंतर चुकले आहे, कागद पिवळा वाटला तर उजेड बदलला आहे, आणि झाकण तिरके दिसले तर फोनची उंची. ही साक्षीदार बरणी जुळेपर्यंत नव्या लोणच्याला हात लावायचा नाही.

शेवटी प्रत्येक वस्तूचा एक फोटो मागच्या लेबलाचा असावा. पाकीटबंद वस्तू ऑनलाइन बाजारात विकताना निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता अशी माहिती तिथे दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि खाद्यपदार्थाच्या लेबलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असतो. हा फोटो समोरून, सपाट आणि अक्षरे वाचता येतील इतका स्पष्ट काढावा. किंमत किंवा वजन बदलले की पहिला बदलायचा तो हाच.