आधी शब्द, मग शिक्षा

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वर्गात कारखान्यातल्या भांडणाचे प्रकरण वाचून झाले की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘मग त्याला काढायचे की नाही?’ विद्यार्थी दोन गटांत वाटले जातात आणि तास संपेपर्यंत वाद रंगतो. पण हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधीचे प्रश्न नीट विचारले तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

वर्गासाठी रचलेले एक प्रकरण घेऊ. चाकणमधला सुटे भाग बनवणारा कारखाना, प्रेस शॉप. ऑपरेटर 11 वर्षे नोकरीत, रेकॉर्ड स्वच्छ. सुपरवायझरला ती जागा मिळून सहा महिने झाले आहेत. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. सव्वाअकराला सुपरवायझर सांगतो, ‘बदली माणूस आलेला नाही, तिसरी पाळी तूच कर.’ ऑपरेटर म्हणतो, ‘साहेब, मुलगी दवाखान्यात आहे, चार वाजताच सांगितलं होतं.’ त्यावर सुपरवायझर इतरांसमोर म्हणतो, ‘घरची रडगाणी गेटबाहेर.’ ऑपरेटर आईवरून शिवी देतो, हातमोजे मशीनवर आपटतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच निलंबनाचे पत्र मिळते. पाठोपाठ आरोपपत्र येते : ‘आपण वरिष्ठांशी गैरवर्तन केले व आदेशाचे उल्लंघन केले.’

विद्यार्थ्यांना मी आधी या आरोपपत्रावरच थांबवतो. ‘गैरवर्तन’ म्हणजे नेमके काय केले? कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणासमोर, कोणते शब्द वापरले? शिवी कागदावर उतरवायला लाज वाटते, म्हणून अधिकारी ‘अर्वाच्य भाषा’ एवढेच लिहून मोकळे होतात. हीच सर्वांत महागात पडणारी सभ्यता. ज्या आरोपात शब्दच नाहीत, त्याला माणसाने उत्तर काय द्यायचे? शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत आरोपपत्रात हवेत, आणि आरोपपत्र कामगाराला कळणाऱ्या भाषेत हवे. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावायला सांगितले होते. फक्त फाइलीत असलेला नियम ऐनवेळी दाखवणे बरे दिसत नाही.

साक्षीदारांचे जबाब घेतानाही शब्दांवरच लक्ष ठेवायचे. पाच जणांनी अक्षरशः एकच वाक्य लिहून दिले असेल, तर ते कोणीतरी सांगून लिहून घेतले आहे असे समजावे. खऱ्या आठवणी थोड्या वेगळ्या असतात. ‘रडगाणी’ हे वाक्य एकाही जबाबात आले नसेल, तर प्रश्न फक्त अर्धाच विचारला गेला आहे.

आता दुसरा आरोप, आदेशाचे उल्लंघन. इथे धोरणाचा प्रश्न येतो, आणि मला वाटते या प्रकरणाचा खरा गाभा हाच आहे. आदर्श स्थायी आदेशांत कोणताही आदेश मोडणे हा गैरवर्तनाचा प्रकार नाही. वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून मोडणे हा आहे. मग सलग दोन पाळ्या करायला लावणे कायदेशीर होते का? आठ आणि आठ, सोळा तास. 1948 च्या कारखाना अधिनियमात दिवसाची मूळ मर्यादा 9 तासांची होती. तासांचे नियम पुढे सैल करण्याचे प्रयत्न झाले, पण सोळा तास त्यात सहज बसत नाहीत. पाळी बदलणे सुलभ व्हावे म्हणून सवलतीची सोय त्या अधिनियमात होती, मात्र मुख्य निरीक्षकांच्या पूर्वपरवानगीने. म्हणजे मनुष्यबळ अधिकाऱ्याने पहिल्यांदा कारखान्याच्या फाइलीत ती परवानगी शोधायला हवी. ती नसेल तर दुसरा आरोप कोसळतो, आणि तो आग्रहाने लावून धरला तर कंपनी स्वतःच्याच बेकायदा आदेशाचा पुरावा तयार करते.

चार वाजता सांगितले होते की नाही, हेही इथेच तपासायचे. ते तोंडी सांगितले असेल, तर त्याची नोंद कुठे आहे? पाळीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असता, तर कदाचित हे भांडणच झाले नसते. त्या रात्री दोघांपैकी कोणीही विचित्र वागले नाही. एकाला उत्पादन थांबण्याची भीती होती, दुसऱ्याला दवाखान्याची घाई होती, आणि मधल्या सात तासांत निरोप कुठेतरी गळला.

निलंबनाबद्दल थोडक्यात सांगतो. चौकशी चालू असतानाचे निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो : पहिले 90 दिवस वेतनाच्या निम्मा, आणि विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे 75 टक्के. चौकशी अधिकारी सुपरवायझर असता कामा नये, आणि ज्याने तक्रार लिहून घेतली तोही नको. कामगाराला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू द्यायचे.

आता न्याय. शिवी दिली हे सिद्ध झाले, असे धरू. बडतर्फ करावे का? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. 1982 च्या रमाकांत मिश्रा प्रकरणात कामगाराने वरिष्ठाशी धमकीच्या सुरात, अयोग्य भाषेत बोलल्याचा आरोप होता. त्याच्या 14 वर्षांच्या नोकरीत दुसरा ठपका नव्हता. न्यायालयाने बडतर्फी अतिरेकी ठरवून दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. याउलट 2005 मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात खालच्या न्यायालयांनी कामगाराला परत घ्यायला सांगितले असताना सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. वरिष्ठाला एकदा नव्हे, दोनदा, आणि हाताखालच्या लोकांसमोर शिवीगाळ झाली होती, आणि शिक्षा सौम्य करावी असे काही कारण समोर आले नव्हते.

हे निकाल परस्परविरोधी आहेत, असे विद्यार्थी म्हणतात. तसे नाही. दोन्हींत तीच मोजपट्टी आहे : कृत्य किती गंभीर, आधीचे रेकॉर्ड कसे, राग वाढवणारे किंवा दोष कमी करणारे काय होते. आदर्श स्थायी आदेशांतही शिक्षा ठरवताना हेच तपासायला सांगितले आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा अधिनियमात तर किरकोळ गैरवर्तनासाठी, पूर्वीच्या सेवेचा विचार न करता, धक्कादायक वाटावी इतकी अवाजवी शिक्षा देऊन कामावरून काढणे हीच मालकाची अनुचित प्रथा मानली आहे. म्हणून ‘शिवी म्हणजे बडतर्फी’ असा सरसकट नियम कोर्टात टिकत नाही, आणि ‘शिवी तर काय, रागात निघाली’ अशी सरसकट माफीही नाही.

आपल्या प्रकरणात शिवी एकदाच दिली गेली, इतरांसमोर, पण डिवचल्यानंतर. पाठीशी 11 स्वच्छ वर्षे आहेत आणि आदेशाची कायदेशीरता शंकास्पद आहे. वर्गात मी माझे मत शेवटी सांगतो : आदेशभंगाचा आरोप मागे घ्यावा, शिवीसाठी नियमात बसणारी चार दिवसांची बिनपगारी शिक्षा द्यावी आणि तिची कारणे लेखी कळवावीत. सुपरवायझरलाही लेखी समज द्यावी आणि तसे केल्याचे ऑपरेटरला सांगावे. काही विद्यार्थ्यांना वेतनवाढ रोखणे योग्य वाटते, त्यावर वाद होऊ शकतो. बडतर्फीवर मात्र नाही. ती दिली तर कंपनी कामगार न्यायालयात हरेल.