दूध पोटात, पण हाडांत किती?

सत्तरीच्या आजी रोज दोन कप दूध आणि वाटीभर दही घेतात. त्यातून साधारण ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. ड जीवनसत्त्व पुरेसं असेल, तर आतडं त्यातलं सुमारे ३० टक्के शोषतं. हे जीवनसत्त्व फार कमी असेल, तर जेमतेम १० ते १५ टक्के. म्हणून उन्हात न जाता घरातच बसणाऱ्यांनी दुधाचा कप वाढवण्याआधी रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी निघालं, तर गोळीचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. दुधाने पोट फुगत असेल, तर दही बहुधा सोसतं. कॅल्शियम तेवढंच मिळतं.

पण नुसतं कॅल्शियम पुरत नाही; हाडांवर भार पडला, तरच ती मजबुती टिकवतात. त्यासाठी चालावं, खुर्ची धरून टाचा उचलाव्यात. मणका पिचला असेल, तर पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत.